पेशंट बेडवर नाही. रिपोर्टमध्ये 'शेवटचं कधी पाहिलं' काय लिहू?

रातराणी
परवाच्या नाईटला आमच्या मेडिसिन वॉर्डातून एक पेशंट कुणाला न सांगता निघून गेले. वय ६७, न्यूमोनिया, जुना डायबेटिस, ॲडमिट होऊन तिसरा दिवस. पहाटे सापडले, आता बरे आहेत, तेव्हा काळजीचे प्रतिसाद नकोत. अडलंय ते रिपोर्टवर. मी लिहून दिलेला रिपोर्ट इंचार्ज सिस्टरांनी परत केला. मजकूर असा होता:

"पेशंट रात्री २ वाजता बेडवर होता. २:४० वाजता बेडवर आढळला नाही. सर्वत्र शोध घेतला असता मिळून आला नाही. ड्यूटी डॉक्टर, सिक्युरिटी व नातेवाईक यांना कळविले. पहाटे ५:२० वाजता पेशंट मिळून आला."

पहिल्या ओळीखाली लाल पेनने दोन शब्द लिहून आले: "कोणी पाहिलं?"

आता खरं सांगते. २ च्या राऊंडला मी दारातून टॉर्च मारली. बेडवर ब्लँकेटचा उंचवटा दिसला, शीटवर टिक केली. ३२ बेड, आम्ही दोघी, आणि त्याच वेळी नव्या ॲडमिशनला धाप लागलेली. म्हणजे पेशंट दिसला की नाही दिसला? काय लिहायचं?

अवलिया
ब्लँकेट दोन वाजता बेडवर होतं. त्याची तब्येत स्थिर होती. असं लिहा. :)

रातराणी
अवलिया, हसले, पण नाईलाजाने.

कोमल_प
आमच्याकडेही असंच झालं होतं. पेशंट स्वतःच्या जबाबदारीवर जातो म्हणाला तर सही घ्यायची असते ना? ती सही न देता गेला तर बिलाचं काय होतं?

फिरस्ता
कोमल, तो वेगळा प्रकार. सांगून, सही करून जातात त्याला डामा म्हणतात. इथे माणूस न सांगता गेलाय.
रातराणी, माझं मत: २ लिहा आणि मोकळ्या व्हा. शीटवर टिक आहेच. सापडले ना? आणि पोलिसांचं टेन्शन घेऊ नका, २४ तास झाल्याशिवाय हरवल्याची तक्रार घेतच नाहीत.

जुनीसिस्टर
फिरस्ता, २४ तासांची गोष्ट डोक्यातून काढून टाका. गोंधळलेला म्हातारा माणूस, हाताला कॅन्युला, अंगात औषधं, अशाला थांबायचं नसतं. आवाराची एक फेरी होऊन मिळाला नाही की कळवायचं. मी २९ वर्षं वॉर्ड सांभाळला, कुणी कधी "उद्या या" म्हणून परत पाठवलं नाही.

रातराणी, अगं, "शेवटचं पाहिलं" याचा अर्थ कुणीतरी माणूस म्हणून पाहिलं. चेहरा, हालचाल किंवा बोलणं, यातलं काही तरी हवं. ब्लँकेटचा उंचवटा हा अंदाज. तो लिहायचाच, पण अंदाज म्हणून. त्याआधी तू त्यांच्याशी शेवटचं कधी बोललीस? कशासाठी गेली होतीस? आणि सापडले कुठे ते लिहिलंच नाहीस.

रातराणी
सिस्टर, १२:५० ला. अँटिबायोटिकची बाटली संपली होती, ती काढली, कॅन्युला फ्लश करून लॉक केली. जागे होते. नोंद आहे, वेळ आहे, सही आहे.
सापडले तळमजल्यावर, एक्सरेच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये. तिथे एक नादुरुस्त स्ट्रेचर उभं करून ठेवलंय, त्याच्या मागच्या बाकावर झोपले होते. सफाईच्या मावशींनी दिवा लावला तेव्हा दिसले.

जुनीसिस्टर
मग तुझी शेवटची वेळ १२:५०.
एक्सरेला त्यांना दिवसा नेलं होतं का?

रातराणी
हो, त्याच दुपारी. वॉर्डबॉय मामांनी व्हीलचेअरवरून नेलं होतं.

जुनीसिस्टर
आणि १२:५० ला काही म्हणाले?

रातराणी
...
"एक्सरेला बोलावलं का?" असं विचारलं होतं. मी म्हटलं, झाला की दुपारीच, झोपा आता. नोंदीत नाही लिहिलं ते. सिस्टर, आत्ता हे टाईप करताना हात थरथरतोय.

टेहळणी
मी हॉस्पिटल सिक्युरिटीत सुपरवायझर आहे (तुमच्या नाही). गेटवरच्या गार्डला नेमकं काय विचारलं होतं, शब्दशः आठवतंय का?

रातराणी
३:१० ला मीच फोन केला. "दोन नंतर कोणी म्हातारे गृहस्थ बाहेर गेले का?" तो म्हणाला, नाही.

टेहळणी
इथेच गाडी घसरली. गार्डने खरं उत्तर दिलं, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं. तो पेशंट दीड वाजता गेटबाहेर गेला असता तरी उत्तर "नाही"च आलं असतं, आणि तुम्ही रस्ता सोडून आवारच चाळत बसला असता. वेळ चुकली की शोधाचं वर्तुळ लहान होतं. चाळीस मिनिटांत म्हातारा माणूस जाऊन जाऊन कुठे जाणार असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तुमच्या हातात शेवटची खात्रीची वेळ १२:५०, म्हणजे कळलं तेव्हाच पावणेदोन तास उलटून गेले होते, फोन केला तेव्हा दोन तासांच्या वर.

कॅमेरे पाहिले का?

रातराणी
सकाळी पाहिले. तळमजल्याच्या लिफ्टच्या कॅमेऱ्यात दिसतात, एकटे, अनवाणी. स्क्रीनवर वेळ १:३४. पण सिक्युरिटीवाले म्हणाले की त्या रेकॉर्डरचं घड्याळ १२ मिनिटं पुढे आहे.

फिरस्ता
मग १:४६ झाले.

टेहळणी
उलटं, राव. घड्याळ पुढे आहे म्हणजे ते जास्त दाखवतंय. १:३४ मधून १२ काढा, खरी वेळ १:२२. ही चूक फार जण करतात, एकदा आमच्याच चौकशीत झाली होती आणि दोन कॅमेऱ्यांमध्ये एकच माणूस एकाच वेळी दोन मजल्यांवर दिसत होता.
रिपोर्टमध्ये नुसतं १:२२ लिहू नका. स्क्रीनवरची वेळ, घड्याळाचा फरक आणि खरी वेळ, तिन्ही लिहा. फरक कसा काढला तेही. लाईव्ह स्क्रीनसमोर मोबाईल धरायचा, दोन्ही वेळा एका फोटोत घ्यायच्या. "कुणीतरी सांगितलं बारा मिनिटं" यावर जाऊ नका, आज जाऊन स्वतः बघा.

फिरस्ता
बरोबर, माझं गणित उलटं झालं. शाळेतही असंच व्हायचं.

अवलिया
म्हणजे पेशंट १:२२ ला खाली, ब्लँकेट २ ला वर. शरीर एकीकडे, नोंद दुसरीकडे.

निवासी_डॉक्टर
थोडं वेगळं बोलतो. वेळेचं गणित ठीक, पण माझा राग दुसऱ्याच ओळीवर आहे: "ड्यूटी डॉक्टर यांना कळविले." काय कळवलं? मला रात्री तीनला फोन येतो, "सर, अमुक बेडचा पेशंट नाहीये." बस. तो सिगारेट ओढायला गेलेला तरुण आहे की डायबेटिस असलेला, रात्री बरळणारा म्हातारा, हे मला फोनवर कळायला नको? त्यांना इन्सुलिन चालू होतं का?

रातराणी
मिक्स इन्सुलिन, रात्री ८:१५ ला. जेवण अर्धंच गेलं, तेही लिहिलंय. सापडले तेव्हा शुगर ६१. घामेजलेले होते, नाव बरोबर सांगितलं, जागा नाही सांगता आली. साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी ९४.

निवासी_डॉक्टर
बघा. मिक्स इन्सुलिनमधला सावकाश काम करणारा भाग साधारण चार तासांनंतर जोर धरतो आणि पुढे बरेच तास पुरतो. ८:१५ ला दिलेलं, पोट अर्धं रिकामं, म्हणजे मध्यरात्रीनंतरचा सगळाच काळ धोक्याचा. ६१ वर थांबली ते नशीब. हे दोन तपशील फोनवर मिळाले असते तर मी पांघरूण फेकून खाली आलो असतो आणि ग्लुकोज हातात घेऊन शोधायला सांगितलं असतं. रिपोर्टमध्ये लास्ट सीनच्या लगेच खाली शेवटचं कोणतं औषध कधी दिलं, जेवण किती गेलं, कॅन्युला कुठल्या हाताला आहे, हे यायला हवं. कुणी शोधायला निघतो तेव्हा त्याला हेच लागतं, डायग्नोसिसचं इंग्रजी नाव नाही.

आणि एक. कुणीतरी "पेशंट ॲबस्कॉन्ड" असं लिहील. लिहू नका. ॲबस्कॉन्ड म्हणजे पळून गेला. या माणसाला एक्सरेला जायचं होतं. रात्री गोंधळ वाढणं हे आजाराचं लक्षण आहे, पळून जायचा बेत नव्हे.

जुनीसिस्टर
शब्दाबद्दल सहमत. "बेडवर नसल्याचे लक्षात आले" एवढंच लिहायचं. का गेला हे आपण पाहिलेलं नसतं.
पण डॉक्टरसाहेब, फोनवर अर्धं वाक्य ऐकून "शोधा आणि सांगा" म्हणत ठेवून देणारेही बरेच पाहिलेत. :)

निवासी_डॉक्टर
मान्य. मीही ठेवलाय एकदा.

पेशंटपार्टी
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. काही वर्षांपूर्वी आई अशीच वॉर्डमधून निघाली होती. हॉस्पिटलने तीन तास आवार पिंजून काढलं आणि मग आम्हाला फोन केला. आई तोपर्यंत घरी येऊन, दार वाजवून, माझ्या हातचा चहा पिऊन झोपली होती. आम्ही समजत होतो तिला डिस्चार्ज मिळाला! हाताला ती सुई तशीच. आम्हाला वाटलं हल्ली सुईसकट सोडतात.
नातेवाईकांना आधी फोन करा हो. शरम वाटते म्हणून उशीर करतात, मला तेव्हाच कळलं होतं.

रातराणी
शरम हे खरंय. मी मुलाला ३:४० ला फोन केला. नंबर केसपेपरवर २:४० लाही होता. मधला एक तास "आत्ता सापडतील" यात गेला. पेशंटचा स्वतःचा मोबाईल उशीखाली होता, चष्मा टेबलवर, चपला बेडखाली. हे मी पाहिलं पण लिहिलं नाही.

जुनीसिस्टर
लिही. चपला, चष्मा, फोन तिन्ही जागेवर आणि पिशवी हललेली नाही, याचा अर्थ घरी जायची तयारी करून गेलेला माणूस नाही. तो आतच कुठेतरी असण्याची शक्यता जास्त. पक्कं नाही, अनवाणी रस्त्यावर गेलेलेही पाहिलेत मी. पण कुठून सुरुवात करायची ते त्यावरून ठरतं. आणि गोंधळलेला माणूस बहुतेकदा ओळखीच्या वाटेने जातो: दिवसा जिथे नेलं तिथे, नाहीतर जुन्या बेडवर, नाहीतर जिन्याने नुसता खाली खाली.

आता "सर्वत्र शोध घेतला" या वाक्याकडे ये. एक्सरेचा पॅसेज रात्री कुणी बघितला होता का?

रातराणी
सिस्टर, तुम्ही तिथे होतात का? ३:२० ला गार्ड जाऊन आला. मला म्हणाला, एक्सरे बंद आहे, कोणी नाही. मी माझ्या कागदावर "एक्सरे: पाहिले" लिहिलं. काल त्याला परत विचारलं. दार लोटलेलं होतं, आत अंधार. त्याने काचेतून बघितलं. दार ढकललं नाही, दिवा लावला नाही.

टेहळणी
आमच्याकडे यासाठी एकच नियम आहे. "पाहिले" हा शब्द तेव्हाच, जेव्हा दिवा लावला, आत पावलं टाकली, दरवाजामागे आणि आडोशाला बघितलं. नाहीतर "दार बंद, आत गेलो नाही" असं लिहायचं. त्याने कमीपणा येत नाही. पुढच्या माणसाला कळतं की ती जागा अजून बाकी आहे. तुमच्या कागदावर "पाहिले" आल्यामुळे ती जागा ३:२० नंतर यादीतूनच गेली. दोन तास कुणी तिकडे वळलं नाही.
बाथरूमचंही तेच. आतून कडी असेल तर हाक मारून पुढे जायचं नाही, उत्तर येईपर्यंत थांबायचं, नाही आलं तर उघडायचं.

सावधपक्षी
इतकं वाचून राहवत नाही म्हणून लिहिते, मीही स्टाफ नर्स. तुम्ही सगळे रातराणीला खड्ड्यात घालताय. "२ वाजता चेहरा पाहिला नाही" असं स्वतःच्या सहीने लिहिलं की मेमो तिलाच. ३२ बेडला दोघी कोणी ठेवल्या, त्याला मेमो मिळणार नाही. शीटवर टिक आहे, तेवढ्यावर थांबावं.

जुनीसिस्टर
तुझी भीती खोटी नाही. पण कॅमेऱ्यात माणूस १:२२ ला खाली दिसतोय आणि कागदावर २ ला वर. हा कागद उद्या कुणी वाचला तर फक्त २ चीच टिक नाही, तिने त्या रात्री केलेली प्रत्येक टिक खोटी धरतील. १२:५० ची खरी नोंदसुद्धा.
टिक खोडायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. ती तशीच राहू दे. खाली आजची तारीख-वेळ टाकून उशिरा केलेली नोंद म्हणून लिहायचं. आणि स्टाफ किती होता, नवी ॲडमिशन किती वाजता आली, हेही वेळेसकट लिहायचं. फक्त ते केसपेपरवर नको, इन्सिडन्ट रिपोर्टमध्ये. केसपेपरवर पेशंटचं काय झालं ते, बाकीचं कसं घडलं ते दुसरीकडे.

सावधपक्षी
पटलं अर्धं. मेमो आला तर तुम्ही येणार आहात का सोबत?

पेशंटपार्टी
नातेवाईक म्हणून सांगतो, "चेहरा पाहिला नव्हता" हे मी एकदा ऐकून घेईन. "पाहिला होता" हे खोटं निघालं तर मात्र नाही.

सावधपक्षी
सगळे नातेवाईक तुमच्यासारखे नसतात.

फिरस्ता
मला एक कळत नाही. पेशंट मिळाला, शुगर वर आली, मग इतकी घासाघीस कशाला? रिपोर्ट म्हणजे फाईलला लावायचा कागद.

टेहळणी
तो नंतर फाईलला लागतो. रात्री २:४५ ला तोच कागद शोधाचा नकाशा असतो. सकाळी आठवून लिहिला की तो फाईलचा होतो, आणि मग "सर्वत्र" असे शब्द येतात.

कोमल_प
बिलाचं कुणी सांगितलं नाही.

अवलिया
कोमलताई, ब्लँकेटच्या नावावर टाका.

रातराणी
पुन्हा लिहिलाय. काल ड्यूटीआधी जाऊन मोबाईल धरून घड्याळ तपासलं. फरक १२ नाही, ११ निघाला, म्हणून १:२३ लिहिलंय. बघा बरं:

"शेवटचे प्रत्यक्ष पाहिले: रात्री १२:५०, मी स्वतः, बेडवर, जागे, बोलत होते. अँटिबायोटिक संपल्यावर कॅन्युला (डावा हात) लॉक केली. पेशंटने 'एक्सरेला बोलावलं का' असे विचारले.
रात्री २:०० राऊंड: दारातून टॉर्चने बेडवर पांघरूण दिसले. चेहरा पाहिला नाही.
बेडवर नसल्याचे लक्षात आले: २:४०, मी. बेडवर पांघरूण व उशी. चपला, चष्मा, मोबाईल जागेवर.
शेवटचे औषध: मिक्स इन्सुलिन, रात्री ८:१५. जेवण निम्मे.
अंगावर: निळा चौकडीचा शर्ट, पांढरा पायजमा, मनगटावर वॉर्डची पट्टी.
शोध: २:४०–२:५० वॉर्ड, तिन्ही बाथरूम व पॅन्ट्री, मी, आत जाऊन. २:५०–३:०५ दोन्ही जिने व वरचा मजला, मामा. गच्चीच्या दाराला कुलूप. ३:१० गेट, फोनवर. २:०० नंतरचेच विचारले. ३:२० एक्सरे पॅसेज, गार्ड. काचेतून पाहिले, आत गेले नाहीत.
कळविले: ड्यूटी डॉक्टर ३:०५ (इन्सुलिनबाबत सांगितले नाही). सिक्युरिटी ३:१०. मुलगा ३:४०. पोलीस ४:१५.
कॅमेरा, तळमजला लिफ्ट: स्क्रीनवर १:३४, घड्याळ ११ मिनिटे पुढे (मोबाईलशी ताडून पाहिले), म्हणून १:२३.
मिळाले: ५:२०, एक्सरे पॅसेजमधील बाकावर, सफाई कर्मचाऱ्यांना. शुगर ६१, पंधरा मिनिटांनी ९४. कॅन्युला जागेवर, सूज नाही. पडल्याची खूण नाही. डॉक्टरांनी ५:३५ ला पाहिले. पोलीस व मुलाला ५:४० ला कळविले."

निवासी_डॉक्टर
"इन्सुलिनबाबत सांगितले नाही" हे स्वतःहून लिहिलंत. मी ड्यूटीवर असतो तर "विचारले नाही" हेही माझ्या नावाने लिहायला लावलं असतं.

टेहळणी
११ काढलेत हे आवडलं. एक सुधारणा: रेकॉर्डरचं घड्याळ रोज थोडं थोडं सरकतं, म्हणून कधी ताडलं ती तारीख-वेळही टाका.

जुनीसिस्टर
पेशंट सापडल्याचं पोलिसांना आणि मुलाला कळवलंस ते लिहिलंस, बरं केलंस. हे हमखास राहून जातं आणि पोलीस दुपारपर्यंत शोधत बसतात. गार्डला दार का ढकलावंसं वाटलं नाही ते मात्र त्यालाच लिहू दे. तू त्याच्या वतीने कारण देऊ नकोस.

सावधपक्षी
मेमोचं कळव.

रातराणी
इंचार्ज सिस्टरांनी वाचला. मेमोचं काही बोलल्या नाहीत, फाईल वर पाठवली. म्हणजे आलाच तर पुढच्या आठवड्यात. एक्सरेच्या पॅसेजला रात्री कुलूप लावायचं की दिवा चालू ठेवायचा यावर सिक्युरिटी आणि त्यांची अजून चर्चा चालू आहे.
काल रात्री आजोबांनी पुन्हा विचारलं, "एक्सरेला बोलावलं का?" ११:२५ ला. नोंद केली, डॉक्टरांना फोन केला आणि त्यांचा बेड काउंटरसमोर हलवला. आता ते रात्रभर मला बघतात.